छोटी जुनी लाकडी पेटी: नामाआधीची विशेषणं कोणत्या क्रमानं लावायची

आमचं घर मराठी, पण मी वाढलो इंदूरला आणि शाळा झाली हिंदीत. मराठी बोलायला अडचण कधीच आली नाही. अडचण आली ती गावचा वाडा आवरताना. आजीच्या मागे घरात उरलेल्या वस्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक वस्तूपुढे एक ओळ लिहायची, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या चुलत भावंडांना फोटो न बघताही कळेल, एवढंच. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "लाकडीची जुनी छोटी एक पेटी." आत्यानं वाचलं आणि म्हणाली, "अरे, सगळे शब्द बरोबर आहेत, पण असं कोणी बोलत नाही." खरं तर त्यातला एक शब्दही चूक होता, त्याबद्दल पुढे सांगतो.

शाळेत विशेषणांचे प्रकार पाठ केलेले असतात: गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण. पण तीन-चार विशेषणं एका नामाआधी आली की कोण कुठे उभं राहणार, हे आपण घरात ऐकून शिकतो. ज्यांनी घराबाहेर मराठी शिकली, किंवा माझ्यासारखे जे दोन भाषांच्या मध्ये वाढले, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वस्तूचं वर्णन करायचं आहे, घरगुती बोलण्यात किंवा चिठ्ठीत, एवढीच मर्यादा धरली आहे. कवितेत क्रम वेगळा चालतो, ते इथे नाही.

लागणारं साहित्य

वस्तू समोर ठेवा, आठवणीतून लिहू नका. वही-पेन घ्या. आणि लिंग दाखवणारा एखादा शब्दकोश हाताशी असू द्या. जुन्या घरगुती वस्तूंसाठी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, आणि आता वापरात नसलेली कितीतरी भांडी-कुंडी त्यात लिंगासकट सापडतात. शिवाय घरातलं एखादं मोठं माणूस, ज्याला ओळ मोठ्यानं वाचून दाखवता येईल.

१. आधी नाम ठरवा आणि त्याचं लिंग लिहा

विशेषणांच्या रांगेत नाम शेवटी येतं, पण लिहिताना सुरुवात तिथूनच करा. ती पेटी, तो डबा, ते खोकं, ती ट्रंक, ते कपाट. एकदा हे ठरलं की 'आ'कारान्त विशेषणं आपापली रूपं घेतात: छोटी जुनी पेटी, छोटा जुना डबा, छोटं जुनं खोकं.

लाल, लहान, सुंदर, गोल, लाकडी, पितळी ही विशेषणं मात्र बदलत नाहीत. लाल डबा, लाल पेटी, लाल कपाट. ही दोन गटांतली विभागणी आत्ताच मनाशी करून ठेवा. बदलणारं विशेषण आपण कोणाचं आहोत हे शेपटीवरून सांगतं. न बदलणाऱ्याला तसं सांगता येत नाही, त्याचं घर फक्त जागेवरून ओळखायचं असतं. क्रमाचा जवळजवळ सगळा गोंधळ याच एका गोष्टीतून निघतो.

२. नामाला चिकटणारा शब्द शोधा: लाकडी की लाकडाची?

नामाच्या अगदी अंगाला लागून जो शब्द बसतो, तो बहुधा वस्तू कशाची आहे ते सांगतो. छोटी जुनी *लाकडी* पेटी. हिरवी *लोखंडी* ट्रंक. मोठा गोल *पितळी* डबा. पेटीवरचा रंग उडेल, ती आज नवी असेल आणि उद्या जुनी होईल, पण लाकूड काही बदलणार नाही. जे वस्तूपासून सुटत नाही ते नामापासूनही सुटत नाही, असं धरून चाललात तर दहापैकी नऊ वेळा बरोबर याल.

पण मराठीत पदार्थ सांगायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या दोघींची वागणूक वेगळी आहे. एक 'ई'वाली: लाकडी, लोखंडी, पितळी, दगडी, कापडी, रेशमी. दुसरी 'चा-ची-चं'वाली: लाकडाची, लोखंडाची, पितळेची, दगडाची.

'ई'वाला शब्द नामाला सोडत नाही. "लाकडी छोटी पेटी" म्हटलं तर ऐकणारा थबकतो. त्याला वाटतं, पत्र्याचीही एक छोटी पेटी असणार आणि तुम्ही दोघींतली निवडून दाखवताय. खरोखर तसं निवडायचं असेल तर म्हणा: "ती लाकडी छोटी पेटी दे, पत्र्याची नको." एरवी नको.

'चा'वाला शब्द मोकळा आहे. "छोटी जुनी लाकडाची पेटी" चालतं आणि "लाकडाची छोटी जुनी पेटी" तर त्याहून सहज वाटतं. पुढे काढला तरी कानाला खटकत नाही.

गावाच्या नावाचंही असंच आहे. "जुनी कोल्हापुरी चप्पल" आणि "कोल्हापूरची जुनी चप्पल" या दोन्ही ओळी सहज बोलल्या जातात. "कोल्हापुरी जुनी चप्पल" मात्र अडखळते. शिवाय अर्थही थोडा सरकतो: कोल्हापुरी हा चपलेचा प्रकार झाला, ती पुण्यात घेतलेली असू शकते. कोल्हापूरची म्हणजे तिथून आणलेली.

दोन्ही रूपं प्रत्येक पदार्थाला मिळत नाहीत. काचेची बरणी, पत्र्याचा डबा, स्टीलचं ताट, वेताची खुर्ची, मातीचं मडकं यांना रोजच्या बोलण्यात 'ई'वालं रूप नाही. ते ओढूनताणून बनवू नका.

आता माझी ती चूक. हिंदीत 'लकड़ी' हे नाम आहे, म्हणून मी 'लाकडीची' लिहिलं. मराठीत नाम आहे 'लाकूड', 'लाकडी' हे आधीच विशेषण झालेलं आहे, त्याला पुन्हा 'ची' लागत नाही. लाकडी पेटी किंवा लाकडाची पेटी. हिंदी भागातून आलेल्या आमच्या घरांत ही चूक इतकी मुरलेली आहे की ती कानाला चूक वाटतच नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

पदार्थापेक्षाही जवळ बसणारी एक गोष्ट आहे: वस्तू कशासाठी आहे. मसाल्याचा डबा, देवाचं ताट, पाण्याचा हंडा. इथे दोन शब्द मिळून जवळजवळ एकच नाव झालं आहे. म्हणून "स्टीलचा मोठा मसाल्याचा डबा" किंवा "मोठा स्टीलचा मसाल्याचा डबा". "मसाल्याचा स्टीलचा मोठा डबा" म्हटलंत तर तो मुळात साधा डबा होता आणि सध्या त्यात मसाला भरला आहे, असं काहीसं वाटायला लागतं. हिरवी मिरची, काळी मिरी, पांढरा कांदा यांतला रंगही असाच नावात मुरलेला आहे. त्याला हात लावू नका, बाकीची विशेषणं त्याच्या आधी लावा: मोठी हिरवी मिरची, अलिबागचा पांढरा कांदा.

३. मधली जागा: आकार, वय, घडण, रंग

इथे फार ताण घेऊ नका. नेहमीचा ओघ असा: आकारमान, मग वय, मग घडण किंवा रंग, मग पदार्थ. मोठी जुनी हिरवी लोखंडी ट्रंक. छोटा गोल पितळी डबा.

पण दोन्ही टोकं जितकी पक्की आहेत तितका मधला भाग पक्का नाही. "छोटी जुनी लाकडी पेटी" आणि "जुनी छोटी लाकडी पेटी" ही दोन्ही मराठीच आहेत. फरक एवढाच की दुसरी ऐकली की मनात येतं, छोट्या पेट्या दोन आहेत आणि त्यातली जुनी हवी आहे. ज्या गुणानं वस्तू वेगळी ओळखायची तो गुण पुढे सरकतो. आमच्या यादीत तीन ट्रंका होत्या, तिन्ही मोठ्या आणि लोखंडी, रंग मात्र वेगवेगळे. तिथे मी "हिरवी मोठी लोखंडी ट्रंक" असं लिहिलं आणि ते बरोबर होतं, कारण शोधणाऱ्याला आधी रंगच हवा होता.

या मधल्या शब्दांत 'आणि' घालू नका. "छोटी आणि जुनी आणि लाकडी पेटी" हे मराठी कानाला परकं लागतं. 'आणि' दोन एकाच जातीच्या गुणांमध्ये येतं: "लाल आणि पिवळी गोधडी", म्हणजे दोन्ही रंग असलेली.

४. पुढचं टोक: कोणाची, कोणती, किती

सगळ्यात पुढे मालक, मग दर्शक शब्द, मग संख्या: आजीच्या त्या दोन जुन्या लाकडी पेट्या.

संख्येची जागा बदलली की अर्थ बदलतो. "दोन जुन्या पेट्या" ही मोजणी झाली. "जुन्या दोन पेट्या" म्हटलं की नव्याही आहेत आणि त्यांतून या दोन वेगळ्या काढल्या आहेत. यादीत पहिली ओळ हवी, कोणाला सांगताना कधीकधी दुसरी.

'एक' हा शब्द प्रत्येक वस्तूपुढे लावायची सवय लागली असेल तर सोडा. "माळ्यावर छोटी जुनी लाकडी पेटी आहे" हे पुरतं. गोष्ट सांगायला सुरुवात करताना "एक छोटीशी पेटी होती" छान वाटतं, तिथे ठेवा. आणि ठेवलात तर सगळ्यांच्या आधी ठेवा. माझ्या पहिल्या ओळीत तो पेटीला जाऊन चिकटला होता, म्हणून आत्याला तो खुपला.

५. 'चांगली मोठी' आणि 'मोठी चांगली' यांत गल्लत करू नका

मत सांगणारा शब्द आकाराच्या आधी येतो: छान छोटी पेटी, सुंदर जुना आरसा. पण चांगला, छान, मस्त हे शब्द दुसऱ्या विशेषणाच्या लगेच आधी बसले की ते त्याचं माप वाढवायला लागतात. "चांगला मोठा हंडा" म्हणजे बऱ्यापैकी मोठा हंडा. तो गळका असला तरी चांगला मोठाच. हंडा खरोखर चांगल्या स्थितीत आहे असं सांगायचं असेल तर ते वेगळं सांगा: "हंडा मोठा आहे आणि चांगला आहे, कुठे गळत नाही."

आमच्या यादीत "चांगली जुनी पेटी" वाचून एका भावानं ती सुस्थितीत आहे असं धरलं. बिजागरी निखळलेली होती. मला म्हणायचं होतं, खूप जुनी. तेव्हापासून स्थिती सांगणारे शब्द मी विशेषणांच्या रांगेत घालतच नाही.

६. आता ओळीला 'त', 'वर', 'चा' लावून पुन्हा वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बहुतेक लोक गाळतात.

नाम साधं असतं तोवर शेपट्या सगळं सांगतात. "जुनी लाकडाची पेटी": जुनी आहे ती पेटी. "जुन्या लाकडाची पेटी": जुनं आहे ते लाकूड, पेटी कदाचित कालच केलेली. फरक स्वच्छ आहे. पण 'पेटीत' म्हटलं की मागची सगळी 'आ'कारान्त विशेषणं 'या' होतात आणि दोन्ही ओळी एक होऊन जातात: "जुन्या लाकडाच्या पेटीत". आता जुनं काय, लाकूड की पेटी?

मी यादीत लिहिलं होतं, "आजीच्या बांगड्या जुन्या लाकडाच्या पेटीत आहेत." वाड्याची मागची बाजू उतरवली तेव्हा निघालेल्या तुळयांच्या सागवानातून काकांनी सुताराकडून एक पेटी करून घेतली होती. ती होती जुन्या लाकडाची नवी पेटी. आत्यानं ती उघडली, तळापर्यंत सगळं बाहेर काढलं, आणि बांगड्या नाहीत म्हणून तिचा चेहरा उतरला. त्या माळ्यावरच्या जुन्या पेटीत होत्या. माझी ओळ दोन्ही पेट्यांना तितकीच लागू होती. अर्धा तास ती गेल्याच असं समजून बसली होती, ते मला अजून आठवतं.

सोडवायचे दोन मार्ग आहेत. 'चा'वाला शब्द पुढे काढा: "लाकडाच्या जुन्या पेटीत". आता 'जुन्या' पेटीला लागून आहे, दुसरीकडे जाऊ शकत नाही. किंवा 'ई'वालं रूप घ्या: "जुन्या लाकडी पेटीत". 'लाकडी' विशेषण असल्यामुळे 'जुन्या'ला चिकटायला मध्ये दुसरं नामच उरत नाही. आणि खरोखर लाकूडच जुनं असेल तर ते उलगडून लिहा: "जुन्या लाकडातून केलेल्या पेटीत".

गोधडीलाही हाच नियम. "जुन्या साड्यांच्या गोधडीवर" म्हणजे काय, ते सांगता येत नाही. "साड्यांच्या जुन्या गोधडीवर" म्हणजे गोधडी जुनी. "जुन्या साड्यांपासून शिवलेल्या गोधडीवर" म्हणजे साड्या जुन्या.

दर्शक शब्दाचंही तसंच. "ती आजीची पेटी" आणि "त्या आजीची पेटी" वेगळ्या कळतात, पण "त्या आजीच्या पेटीत" म्हटलं की कोणती आजी असा प्रश्न येतो. म्हणून चौथ्या पायरीत मालक आधी आणि 'ती-त्या' नंतर सांगितलं: "आजीच्या त्या पेटीत".

न बदलणाऱ्या विशेषणांना तर प्रत्यय लागायचीही वाट बघावी लागत नाही. "लहान काकूची बरणी" ही ओळ आहे तशीच दुहेरी आहे: बरणी लहान की काकू लहान? 'लहान'ला शेपूटच नाही. बरणी लहान असेल तर "काकूची लहान बरणी", काकू लहान असेल तर "धाकट्या काकूची बरणी". आणि तांब्याच्या वस्तू लिहिताना जपून. "तांब्याचं झाकण" म्हणजे तांबं या धातूचं झाकण की तांब्यावर ठेवायचं झाकण? दुसरं असेल तर "तांब्यावरचं झाकण" लिहा.

७. तीनच्या वर गेलात तर ओळ मोडा

बोलताना कोणी नामाआधी पाच विशेषणं लावत नाही. दोन सहज, तीन चालतात. मालक आणि संख्या त्यात धरत नाही. बाकीचं नामानंतर दुसऱ्या वाक्यात जाऊ द्या.

विशेषतः 'कडी तुटलेली', 'रंग उडालेली' असे शब्द. त्यांच्या पोटात स्वतःचं नाम असतं, आणि आधी आलेलं विशेषण त्यालाच जाऊन मिळतं. "जुनी कडी तुटलेली पेटी" यात जुनी झाली ती कडी. असा शब्द ठेवायचाच तर सगळ्या गुणांच्या आधी ठेवा: "कडी तुटलेली जुनी लाकडी पेटी".

एक वस्तू पूर्ण लिहून बघू

आजीची फणेरपेटी. तुम्ही कधी पाहिली नसेल तर: वीतभर लांब लाकडी पेटी, झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा, खाली कप्पे. त्यात फणी, कुंकवाचा करंडा, कुंकवाआधी कपाळावर लावायच्या मेणाची डबी.

समोर ठेवून दिसेल ते सगळं मी आधी सुटं लिहिलं: फणेरपेटी (स्त्री.), आजीची, शिसवी, काळपट, छोटी, फार जुनी, सुंदर, पितळी कडी, आरशाला तडा.

आता गाळायला लागलो. शिसव मुळातच काळपट, म्हणून 'काळपट' गेला. फणेरपेट्या छोट्याच असतात, पण घरात दुसरी जरा मोठी होती, म्हणून 'छोटी' राहिला. 'सुंदर' हे माझं मत, यादीत त्याचा उपयोग नाही. कडी आणि तडा यांत नामं आहेत, ती बाहेर काढली. 'शिसवी' हा 'ई'वाला, तो फणेरपेटीला लागून. 'छोटी' आणि 'जुनी' मध्ये. 'आजीची' सगळ्यात पुढे.

"आजीची छोटी जुनी शिसवी फणेरपेटी. कडी पितळी आहे, आरशाला तडा आहे."

मग सहाव्या पायरीप्रमाणे प्रत्यय लावून पाहिला: "आजीच्या छोट्या जुन्या शिसवी फणेरपेटीत". 'छोट्या' आणि 'जुन्या' आजीला लागत नाहीत, कारण आजी त्यांच्या आधी येऊन गेली आहे. 'शिसवी' नाम नाही, म्हणून तेही अडवत नाही. 'शिसवाच्या' लिहिलं असतं तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता.

ही ओळ मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "हो, तीच. मेणाची डबी आहे ना आत अजून?"